रिमोट इंटर्नशिपची व्हिडिओ मुलाखत : कॅमेरा, प्रकाश, पार्श्वभूमी आणि इंटरनेट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे लिहिताना घरून किंवा वसतिगृहातून मुलाखत देणारा पदवीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवला आहे. त्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे, घरी वायफाय किंवा मोबाइलचा डेटा आहे, स्वतंत्र खोली असेलच असे नाही आणि नवे साहित्य विकत घेण्याची त्याची फारशी तयारी नाही. या मर्यादांमध्ये चांगली मुलाखत देता येते. त्यासाठी कोणती गोष्ट कशामुळे बिघडते, हे मात्र आधी समजून घ्यावे लागते.

तयारीला सुरुवात कोठून करावी?

आवाजापासून करावी. चित्र काही क्षण धूसर झाले, तरी मुलाखत घेणारी व्यक्ती ते चालवून घेते. परंतु वाक्यातील दोन शब्द गळाले, की तिला प्रश्न पुन्हा विचारावा लागतो आणि असे तीन-चार वेळा झाले, की बोलण्याचा ओघच तुटतो. आवाजानंतर इंटरनेटची स्थिरता, मग प्रकाश, मग पार्श्वभूमी आणि सर्वांत शेवटी कॅमेरा, असा क्रम ठेवावा. बहुतेक विद्यार्थी नेमके उलट्या क्रमाने जातात, म्हणजे आधी वेबकॅमच्या किमती पाहतात आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये किती येतो, हे मुलाखतीच्या दिवसापर्यंत ऐकून पाहत नाहीत.

माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा जुना आहे आणि चित्र दाणेदार दिसते. नवा वेबकॅम घ्यावा का?

घेण्याची घाई करू नये. बऱ्याच लॅपटॉपचा कॅमेरा 720p, म्हणजे 1280 गुणिले 720 बिंदूंचा असतो आणि मुलाखतीच्या छोट्या चौकटीसाठी तो पुरेसा आहे. चित्र दाणेदार दिसण्याचे कारण बहुधा कॅमेरा नसून अपुरा प्रकाश हे असते. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याची काच आणि तिच्यामागील संवेदक अगदी लहान असतात, त्यामुळे खोलीत उजेड कमी असला, की तो कमकुवत संकेत कॅमेरा कृत्रिमरीत्या वाढवतो आणि त्याबरोबर चित्रातील दाणेही वाढतात. शिवाय प्रत्येक चौकट टिपण्यासाठी तो जास्त वेळ घेतो, सेकंदाला 30 ऐवजी 15 चौकटीच पाठवतो आणि हात हलवला, की त्याची पुसट रेघ उमटते.

याचा इंटरनेटशीही संबंध आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. व्हिडिओ पाठवण्यापूर्वी झूम किंवा गूगल मीट तो दाबून लहान करते. स्वच्छ, स्थिर चित्र सहज दाबले जाते. पण अंधारातील दाणे प्रत्येक चौकटीत बदलत असल्यामुळे ते दाबणे अवघड जाते. म्हणून तेवढ्याच इंटरनेटवर अंधाऱ्या खोलीतील चित्र उजळ खोलीतील चित्रापेक्षा खराब दिसते. चेहऱ्यावर पुरेसा उजेड आणला, की त्याच कॅमेऱ्याचे आणि त्याच इंटरनेटचे चित्र सुधारते.

त्याआधी कॅमेऱ्याची काच मऊ सुती कापडाने पुसून घ्यावी. झाकण उघडताना तिच्यावर बोटाचा तेलकट डाग पडतो आणि त्यामुळे संपूर्ण चित्रावर दुधी झाक येते. एवढे करूनही चित्र समाधानकारक वाटत नसेल, तर मोबाइलचा कॅमेरा वेबकॅम म्हणून जोडता येतो, कारण तो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा बहुधा बराच सरस असतो. मात्र या जोडणीमुळे बिघडू शकणारी आणखी एक गोष्ट वाढते. ती आठवडाभर रोज वापरून खात्री पटली असेल, तरच मुलाखतीत वापरावी. आदल्या रात्री जोडू नये.

दिवसा मुलाखत असेल, तर टेबल कोठे ठेवावे?

खिडकी आपल्या समोर किंवा समोर थोडी बाजूला यावी आणि पाठीमागे कधीही येऊ नये. कॅमेरा संपूर्ण चौकटीतील सरासरी उजेड पाहून चित्र किती उजळ ठेवायचे, हे ठरवतो. मागे लख्ख खिडकी असली, की तो सगळे चित्र काळवंडतो आणि चेहऱ्याची केवळ सावली दिसते. सावळ्या रंगाच्या विद्यार्थ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मागे पांढरीशुभ्र भिंत असली, तरी कॅमेरा तसेच करतो आणि चेहऱ्याचे बारकावे हरवतात. अशा वेळी मागची भिंत आपल्यापेक्षा कमी उजळ राहील, अशी बसण्याची दिशा निवडावी.

एका विद्यार्थिनीच्या खोलीचे उदाहरण पाहू. खोली दहा बाय बारा फुटांची, एकच खिडकी पश्चिमेला, टेबल पूर्वेच्या भिंतीला टेकवलेले आणि मुलाखत दुपारी साडेचार वाजता. टेबल होते तेथेच बसल्यावर खिडकी तिच्या पाठीमागे येत होती आणि चेहरा पूर्ण काळा दिसत होता. तिने टेबल फिरवून खिडकीपासून सुमारे अडीच फुटांवर, खिडकी किंचित डावीकडे राहील असे ठेवले. आता उजेड चेहऱ्यावर आला, पण साडेचारला ऊन थेट आत येत असल्याने गालाचा एक भाग पांढराफट्ट आणि दुसरा गडद दिसू लागला. तेव्हा खिडकीच्या गजांना आजोबांचे पांढरे सुती धोतर एकेरी पदरात बांधले. ऊन त्यातून गाळून येऊ लागले, कडक सावल्या गेल्या आणि उजेड फारसा घटलाही नाही. उजव्या गालावर थोडी सावली उरली होती, म्हणून कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने उजव्या बाजूला पांढरा चार्टपेपर उभा केला. त्यावरून परतलेल्या उजेडाने ती सावली हलकी झाली.

तरीही चेहरा अपेक्षेपेक्षा गडदच होता, कारण तिच्या मागे आरशाचे लोखंडी कपाट होते. त्या आरशात समोरची खिडकी उमटत होती आणि तो उजळ चौकोन पाहून कॅमेरा सगळे चित्र काळे करत होता. आरशावर फिकट निळी, घड्या न पडलेली चादर सोडताच चित्र सुधारले. या सगळ्यात खर्च झाला तो फक्त चार्टपेपरचा.

ही मांडणी मुलाखतीच्या वेळीच तपासावी. सकाळी अकराला पाहिलेला उजेड दुपारी साडेचारला नसतो. पावसाळ्यात तर ढग येतात-जातात तसा तो मिनिटामिनिटाला बदलतो, म्हणून त्या दिवसांत खिडकीच्या जोडीला पुढील उत्तरात सांगितलेला दिवाही लावून ठेवावा.

मुलाखत संध्याकाळी किंवा रात्री आहे. रिंग लाइट लागेल का?

लागणार नाही. आपल्याकडील घरांत ट्यूबलाइट बहुधा भिंतीवर वरच्या बाजूला असते. ती ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीकडे तोंड करून पाच-सहा फुटांवर बसले, की निम्मे काम होते. उजेड वरून येत असल्यामुळे डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते. ती घालवण्यासाठी टेबलावर पांढरा कागद किंवा फिकट रंगाचे कापड अंथरावे. त्यावर पडलेला प्रकाश खालून चेहऱ्याकडे परततो.

एवढा उजेड कमी पडला, तर 9 वॉटचा एलईडी बल्ब असलेला टेबललॅम्प लॅपटॉपच्या मागे ठेवून त्याचे तोंड समोरच्या फिकट भिंतीकडे करावे. थेट चेहऱ्याकडे वळवलेला उघडा बल्ब डोळ्यांना टोचतो आणि कपाळावर चमक आणतो, तर भिंतीवरून परतलेला प्रकाश मऊ असतो. मात्र बल्ब आणि ट्यूब एकाच रंगाचे असावेत. एक पिवळसर आणि दुसरा पांढरा असला, की चेहऱ्याचा खरा रंग कोणता, हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही आणि एक गाल पिवळा, दुसरा निळसर दिसतो.

दोन अडचणी आपल्या घरांत नेहमी येतात. पहिली पंख्याची आहे. छतावरचा दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल, तर पात्यांची सावली चेहऱ्यावरून सतत फिरत राहते. खोलीत बसलेल्याला ती जाणवत नाही, पण पडद्यावर चेहरा लुकलुकतो. अशा वेळी तो दिवा किंवा पंखा, दोन्हींपैकी एक बंद ठेवावा. दुसरी अडचण म्हणजे चित्रातून सरकणारे आडवे काळसर पट्टे. आपला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे, त्यामुळे काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात आणि कॅमेऱ्याचा वेग त्याच्याशी जुळला नाही, की हे पट्टे उमटतात. विंडोजमधील Camera ॲपच्या सेटिंगमध्ये Flicker reduction हा पर्याय मिळाला, तर तो 50 Hz वर ठेवून पाहावा. त्यानेही पट्टे गेले नाहीत, तर दिवा बदलणे हाच उपाय आहे.

चष्म्यात दिवा आणि पडदा चमकतात. काय करावे?

दिवा डोळ्यांच्या पातळीवरून उचलून वर आणि बाजूला न्यावा, म्हणजे परावर्तित प्रकाश कॅमेऱ्याकडे न जाता खाली जातो. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलल्या, तर काचा खाली झुकतात आणि राहिलेली चमकही जाते. पडद्याची उजळता निम्म्यावर आणावी आणि पांढऱ्या पानांऐवजी गडद रंगाची पार्श्वभूमी वापरावी. चमक घालवण्यासाठी चष्मा काढून बसू नये. समोरच्या पडद्यावरील प्रश्न वाचता न येणे हे चमकेपेक्षा मोठे नुकसान आहे.

कॅमेरा किती उंचीवर आणि किती अंतरावर असावा?

कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत असावा. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला, तर कॅमेरा खालून वर पाहतो. मग नाकपुड्या आणि छताचा पंखा ठळक दिसतात आणि आपण समोरच्याकडे वाकून पाहत आहोत, असा भास होतो. चार-सहा जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवला, की प्रश्न मिटतो. फक्त तो डगमगत नाही, हे हाताने दाबून पाहावे. कॅमेऱ्यापासून एक हातभर अंतरावर बसावे, डोक्यावर चार बोटे मोकळी जागा ठेवावी आणि छातीपर्यंतचा भाग चौकटीत यावा. मुलाखतीत कोड लिहून दाखवायचा असेल, तर उंचावलेल्या लॅपटॉपवर टंकलेखन अवघड जाते. त्यासाठी एखाद्या मित्राचा यूएसबी कीबोर्ड आणि माउस एका दिवसापुरता मागून आणावा.

बोलताना नजर कोठे ठेवावी, हाही प्रश्न नेहमी येतो. मुलाखत घेणाऱ्याची चौकट लहान करून ती पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या अगदी खाली सरकवावी. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, तरी नजर कॅमेऱ्याकडेच आहे, असे वाटते. स्वतःची चौकट मांडणी तपासून झाल्यावर लपवून टाकावी, नाहीतर लक्ष तिकडेच जात राहते.

पार्श्वभूमी धूसर करावी, आभासी चित्र लावावे की खरी भिंत दाखवावी?

शक्य असेल तर खरी भिंत दाखवावी. धूसर पार्श्वभूमीसाठी लॅपटॉपला प्रत्येक चौकटीत माणूस कोणता आणि मागचा भाग कोणता, हे शोधावे लागते. कमी उजेडात तो चुकतो आणि केसांच्या कडा, कान किंवा हातातील वही मध्येच नाहीशी होते. शिवाय 4 जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर या कामाचा एवढा भार पडतो, की आवाज अडखळू लागतो आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. सोय चालू करायची असेल, तर Task Manager उघडून प्रोसेसरचा वापर पाहावा. तो सतत 90 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर ती बंद ठेवावी. समुद्रकिनारा किंवा चकाचक कार्यालय दाखवणारे आभासी चित्र मी तरी कोणाला सुचवत नाही, कारण त्याच्या हलणाऱ्या कडांकडेच पाहणाऱ्याचे लक्ष जाते.

खरी पार्श्वभूमी निवडताना ती श्रीमंत दिसण्याची गरज नाही, शांत दिसण्याची आहे. देवाचा फोटो, पुस्तकांचा मांडणीचा खण, साधे कॅलेंडर यांत लपवण्यासारखे काही नाही. टाळायचे ते हलणारे आणि चमकणारे, म्हणजे वाऱ्याने फडफडणारे कॅलेंडर, चालू दूरचित्रवाणी, दोरीवरचे वाळत घातलेले कपडे, आरसा आणि मुख्य म्हणजे दार. दार चौकटीत असले, की ये-जा करणारा प्रत्येक माणूस दिसतो. भिंतीला पाठ टेकवून मात्र बसू नये. तीन-चार फूट अंतर ठेवले, तर आपली सावली भिंतीवर पडत नाही आणि चेहरा पार्श्वभूमीपासून वेगळा उठून दिसतो. कपडे एकरंगी असावेत, कारण बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरल्यासारखा दिसतो.

घरात किंवा वसतिगृहात स्वतंत्र खोली नाही. मग कसे करावे?

सर्वांत आतला कोपरा निवडून तेथे कॅमेऱ्याचा रोख कोपऱ्याकडे ठेवावा, म्हणजे पार्श्वभूमीत दोन भिंतींखेरीज काही येत नाही आणि खोलीतील इतरांना मोकळेपणाने वावरता येते. दोरीवर सोडलेली एकरंगी चादरही चालते. ती इस्त्री केलेली असावी आणि खालून चिमट्यांनी ताणलेली असावी. घरातल्यांना मुलाखतीची वेळ सांगताना ‘शांत राहा’ एवढेच सांगणे पुरत नाही. कुकर त्या तासात लावू नये, दाराची बेल बंद ठेवावी, मोटार आधीच चालवून टाकी भरून घ्यावी, असे नेमके सांगावे. वसतिगृहात एखादा रिकामा वर्ग किंवा ग्रंथालयातील चर्चाकक्ष मिळतो का, हे आधी विचारावे. मात्र तेथील वायफायवर व्हिडिओ कॉल चालतो का, हे त्या जागी बसूनच तपासावे, कारण काही महाविद्यालयांच्या नेटवर्कवर तो अडवलेला असतो.

माइक आणि पंख्याच्या आवाजाचे काय?

तारेचा साधा इयरफोन, ज्याच्या तारेवर माइक आहे, तो बहुतेक लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकपेक्षा चांगला ठरतो, कारण तो तोंडाजवळ असतो आणि लॅपटॉपच्या आतील पंख्यापासून दूर असतो. शिवाय समोरच्याचा आवाज कानातच राहतो, त्यामुळे प्रतिध्वनी होत नाही. त्याचा माइक कॉलरला किंवा ओढणीला घासणार नाही, असा ठेवावा. ती खरखर बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, समोरच्याला मात्र प्रत्येक हालचालीबरोबर येते. ब्लूटूथ इयरफोनवर माइक चालू झाला, की संगणकांवर बरेचदा आवाजाचा दर्जा एकदम उतरतो आणि बॅटरी संपण्याची धास्ती राहते ती वेगळीच.

छताचा पंखा एकसुरी घोंगावतो, तो आवाज झूम आणि मीट बऱ्यापैकी गाळतात. अचानक येणारे आवाज, जसे कुकरची शिट्टी, भांडी किंवा कुत्र्याचे भुंकणे, पूर्णपणे गाळले जात नाहीत. मे महिन्यात पंखा बंद करून तासभर बसणे शक्य नसते. त्याऐवजी टेबलफॅन कमी वेगावर, पायांच्या दिशेने आणि माइकपासून दूर ठेवावा. हे सगळे तपासण्याची सोपी रीत म्हणजे मुलाखतीच्याच मांडणीत दोन मिनिटे रेकॉर्ड करून ते दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकणे.

इंटरनेटचा वेग किती हवा?

लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. दोघांमधील 720p दर्जाच्या कॉलसाठी झूमला जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे 1.2 एमबीपीएस लागतात. पन्नास किंवा शंभर एमबीपीएसच्या जोडणीवरही कॉल अडखळतो, तेव्हा वेग पुरेसा असतो. कमी पडते ती स्थिरता. आवाज आणि चित्र छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जाते आणि त्यातील काही पॅकेट वाटेत हरवतात किंवा उशिरा पोहोचतात. चित्रपट पाहताना पुढचा भाग आधीच साठवलेला असतो, म्हणून हे कळत नाही. संभाषणात साठवायला वेळच नसतो, म्हणून तेथे ते लगेच कानावर येते.

स्थिरता मोजायला वेगाची चाचणी पुरत नाही. विंडोजवर Command Prompt उघडून पुढील दोन आज्ञा एकामागून एक द्याव्यात. पहिलीत आपल्या राउटरचा पत्ता घालावा. `ipconfig` ही आज्ञा दिली, की तो Default Gateway या नावापुढे दिसतो. दुसरीतील पत्ता बाहेरच्या इंटरनेटवरील गूगलच्या सर्व्हरचा आहे, तो तसाच ठेवावा.

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

शेवटी Lost हा आकडा दिसतो, तो शून्य असावा. त्याखाली Maximum आणि Average दिसतात. सरासरी 30 आणि कमाल 60 मिलिसेकंद असेल, तर काळजी नाही. सरासरी 30 आणि कमाल 700 असेल, तर मध्येच आवाज तुटणार, हे समजावे. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत. राउटरपर्यंतचाच निकाल वेडावाकडा असेल, तर दोष घरातील वायफायचा आहे आणि तो आपल्याला सुधारता येतो. राउटरपर्यंत सगळे सुरळीत असून दुसरा निकाल खराब असेल, तर दोष बाहेरच्या जोडणीचा आहे. अशा वेळी खुर्ची हलवून उपयोग नाही, केबलवाल्याला किंवा कंपनीला आधीच कळवावे आणि मोबाइलचा पर्याय सज्ज ठेवावा.

वायफायमध्ये दोष आढळला, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार ओढणे. दहा मीटरची तार सहज मिळते आणि तिच्यावर भिंतींचा किंवा शेजाऱ्यांच्या वायफायचा परिणाम होत नाही. लॅपटॉपला लॅनची खाच नसेल, तर राउटर असलेल्या खोलीतच बसावे आणि 5 गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडावे. ते कमी गजबजलेले असते, पण काँक्रीटच्या भिंतीतून फारसे जात नाही. दोन भिंतींपलीकडे बसणे भागच असेल, तर 2.4 गिगाहर्ट्झ बरे पडते. मुलाखतीच्या तासात घरातील मोबाइलवरचा फोटोंचा बॅकअप थांबवावा. तो अपलोडची वाट अडवतो आणि आपला आवाज त्याच वाटेने जात असतो.

मोबाइल हॉटस्पॉटवर मुलाखत देता येईल का?

येईल, पण आधी हिशेब करावा. जाताना 1.2 आणि येताना 1.2 एमबीपीएस म्हणजे तासाला प्रत्येकी 540 एमबी, एकूण सुमारे 1.1 जीबी. आपला प्लॅन रोज 1.5 जीबीचा असेल आणि सकाळपासून 600 एमबी रील पाहण्यात गेले असतील, तर मुलाखत सुरू होऊन सुमारे पन्नास मिनिटे झाली असताना डेटा संपेल आणि वेग 64 केबीपीएसवर येईल, ज्यावर व्हिडिओ चालतच नाही. त्या दिवशी मोबाइलवर दुसरे काही पाहू नये किंवा डेटाचे जादा पॅक घेऊन ठेवावे.

हॉटस्पॉट वायफायवरून देण्यापेक्षा यूएसबी तारेने द्यावा. जोडणी स्थिर राहते आणि मोबाइल चार्जही होतो. त्यावर येणारे कॉल शांत ठेवावेत. फोन घेतला आणि त्या जागी व्होल्टी चालू नसेल, तर बोलणे संपेपर्यंत डेटा थांबतो. घरात कोणत्या जागी चांगली रेंज मिळते, हे वरची दुसरी आज्ञा वेगवेगळ्या ठिकाणी चालवून ठरवावे. रेंजच्या काड्यांवर विसंबू नये. रात्री नऊनंतर गजबजलेल्या वस्तीत टॉवरवरचा भार वाढतो, काड्या पूर्ण असल्या तरी कॉल अडखळतो.

ऐन वेळी वीज गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते, त्यामुळे वीज जाताच इंटरनेट तुटते. घरात इन्व्हर्टर असला, तरी राउटरचे बटण त्याच्या जोडणीवर आहे का, हे मेन स्विच पाडून पाहावे. तो क्षणभर जरी बंद पडला, तरी पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतात. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्ट, जे बहुधा 12 असतात, आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर वेगवेगळे असतील, तर दोघांनाही आधार लागतो.

वेळ निवडण्याची मुभा असेल, तर महावितरणने आपल्या भागात देखभालीसाठी कोणत्या दिवशी वीज बंद ठेवण्याचे कळवले आहे, ते पाहून घ्यावे. पुण्यात अशी कामे बहुधा गुरुवारी असतात. लॅपटॉप मुलाखतीभर चार्जरला जोडलेला असावा, कारण बॅटरी वाचवण्याच्या अवस्थेत तो प्रोसेसर मंद करतो आणि त्याचा परिणाम चित्रावर होतो.

आदल्या दिवशी नेमके काय तपासावे?

ज्या ॲपवर मुलाखत आहे, त्याच ॲपवर, त्याच जागी, त्याच वेळी कॉल करून पाहावा. झूमसाठी zoom.us/test हे पान आहे, टीम्सच्या सेटिंगमध्ये चाचणी कॉलची सोय आहे आणि मीटमध्ये आत जाण्यापूर्वीच्या पडद्यावर आवाज व चित्र तपासता येते. पण मित्राला किंवा बहिणीला कॉल लावून ‘मी कसा दिसतो’ याऐवजी ‘मी आत्ता काय म्हणालो, ते पुन्हा सांग’ असे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

स्क्रीन शेअर करणे अवश्य करून पाहावे. मॅकवर पहिल्यांदा शेअर करताना Screen Recording ची परवानगी द्यावी लागते आणि ती दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा उघडावे लागते. मुलाखतीत हे घडले, तर कॉल सोडून जावे लागते. कॅमेरा चालू न झाल्यास त्याच्यावरची सरकपट्टी, कीबोर्डवरचे कॅमेऱ्याचे बटण आणि तो आधीच वापरत असलेले दुसरे एखादे ॲप, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात. विंडोजचे अपडेट आदल्या दिवशीच उरकून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

प्रश्न पडद्यावर येतात आणि उत्तर एकट्याने रेकॉर्ड करायचे असते, अशा मुलाखतीत वेगळे काय?

प्रकाश आणि आवाजाची मांडणी तीच राहते. उत्तर मात्र रेकॉर्ड होऊन नंतर अपलोड होत असेल, तर इंटरनेट थोडे मंद असूनही चालते. फक्त अपलोड पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत पान बंद करू नये. समोर चेहरा नसल्यामुळे नजर भटकते, म्हणून कॅमेऱ्याशेजारी छोटा चिकटकागद लावून त्याकडे पाहावे.

सगळी तयारी करूनही कॉल मध्येच तुटला तर?

मुलाखतीचे निमंत्रण ज्या ईमेलवरून आले, तो आणि संपर्काचा फोन नंबर कागदावर लिहून टेबलावर ठेवावा, कारण इंटरनेट गेल्यावर ईमेल उघडता येत नाही. बैठकीची लिंक मोबाइलवरही उघडून पाहिलेली असावी. चित्र अडखळू लागले, की समोरच्यांना ‘माझे इंटरनेट मंद झाले आहे, आपली हरकत नसेल तर मी थोडा वेळ कॅमेरा बंद ठेवतो’ असे सांगावे. व्हिडिओ बंद होताच बरीच जागा मोकळी होते आणि आवाज बहुधा सावरतो. कॉल पूर्ण तुटला, तर एकदा त्याच जोडणीवर प्रयत्न करावा, मिनिटभरात जमले नाही, तर मोबाइलवरून आत यावे आणि तेही जमले नाही, तर दिलेल्या नंबरवर फोन करून काय झाले ते दोन वाक्यांत सांगावे. परत आल्यावर माफीवर वेळ न घालवता, ज्या वाक्यावर कॉल तुटला, तेथून उत्तर पुढे सुरू करावे.